संपादकाला लिहायचं पत्र म्हणजे लग्नाचा बायोडाटा नव्हे

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. राजकारण नाही, पाणीप्रश्न नाही. पण आपल्या भागातल्या कॉलेजांत जे काही 'संशोधन' म्हणून चाललंय, त्याचा रोग नेमका कुठं सुरू होतो ते सांगायचंय. अन् त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते कुंडलीचं, म्हणजे वाचायला कंटाळा येणार नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. शोधनिबंध जर्नलला पाठवताना सोबत संपादकाला एक पानभर पत्र जोडतात. कव्हर लेटर म्हणतात त्याला. संपादकाच्या हातात पहिल्यांदा पडतं ते हेच. निबंध तज्ज्ञांकडे तपासायला पाठवायचा की तिथूनच परत करायचा, कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवायचा, हे ठरवताना तो या पत्रावर नजर टाकतो. पान एकच, पण आपण काय शोधलं ते माणूस स्वतःच्या शब्दांत तिथंच सांगतो.

आता आपल्याकडं हे पत्र कसं लिहितात? लग्नाच्या बायोडाट्यासारखं. मुलगा 'कंपनीत मोठ्या पदावर', शेती 'बागायती', स्वभाव 'मनमिळाऊ'. तसंच पत्रात 'भारतात प्रथमच', 'अभूतपूर्व निष्कर्ष', 'क्रांतिकारी पद्धत'. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं पोरं-पोरी पत्रं घेऊन येतात. वेगवेगळे विषय, वेगवेगळी कॉलेजं, अन् पत्र मात्र एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नमुना उचलायचा, विषयाचं नाव बदलायचं, 'प्रथमच' तसंच ठेवायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, गाईडनी सांगितलंय, दावा मोठा नसला तर पेपर घेत नाहीत."

अन् हा काही फक्त आपल्या भागाचा दोष नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वैद्यकीय निबंधांचे सारांश मोजले आणि 2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. 'अपूर्व', 'नावीन्यपूर्ण' अशा अर्थाचे कौतुकाचे शब्द 1974 ते 1980 या काळात 2 टक्के सारांशांत होते. 2014 साली ते साडेसतरा टक्क्यांवर गेले. चाळीस वर्षांत शोध नऊपट अपूर्व झाले असतील का? शब्द स्वस्त झाले, एवढंच. श्रावणी सोमवारी रामलिंगला किती माणूस आला ते कुणी मोजत नाही, पण 'अलोट गर्दी' दरवर्षी असतेच, तसं.

आता उदाहरणाकडं येतो. मुद्दाम असं निवडलंय, जिथं आपल्याच बाजूच्या माणसांना फुगवायचा मोह होतो.

2008 साली पुण्यात एक प्रयोग झाला. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे अशा चौघांनी तो केला. प्रश्न साधा होता. कुंडली बघून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे ज्योतिषाला सांगता येतं का? अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी माहिती जमवली. शंभर हुशार विद्यार्थी, शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं, अशा दोनशे कुंडल्या झाल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले, मिसळल्या. कोणती कुंडली कोणाची हे ना ज्योतिषाला माहीत, ना पाठवणाऱ्याला. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 कुंडल्या दिल्या. एकावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं परत पाठवली. यशाची रेष 40 पैकी 28 बरोबर, म्हणजे 70 टक्के. एका संस्थेनं सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या.

निकाल असा लागला. 28 पर्यंत कुणीच पोचलं नाही. सगळ्यात जास्त बरोबर उत्तरं एका ज्योतिषाची, 40 पैकी 24. सरासरी निम्म्याच्या थोडी खालीच. संस्थेची दोनशेपैकी 102 बरोबर. हा निबंध मार्च 2009 मध्ये 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या जर्नलमध्ये छापून आला.

आता समजा हा निबंध तुम्हाला पाठवायचाय आणि पत्र तुम्ही लिहिताय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नमुन्याप्रमाणं ते असं होईल: "जगात प्रथमच आम्ही शास्त्रीय पद्धतीनं ज्योतिष खोटं असल्याचं सिद्ध केलं आहे. नाणेफेकसुद्धा ज्योतिषापेक्षा बरी, असा धक्कादायक निष्कर्ष निघाला आहे." टाळ्या पडतील. मी पण विवेकवादी बाजूचाच माणूस, वाचताना बरं वाटतं. पण या दोन वाक्यांत चार ठिकाणी खोट आहे. एकेक बघू.

पहिलं, 'जगात प्रथमच'. 1985 साली शॉन कार्लसन या अमेरिकन संशोधकानं 'नेचर'मध्ये असाच दुहेरी-अंध प्रयोग छापला होता. तिथं ज्योतिषांना एक कुंडली आणि स्वभावचाचणीचे तीन अहवाल दिले होते, त्यातला कुंडलीवाल्या माणसाचा कोणता ते ओळखायचं. तीनातला एक ओळखायचा म्हटल्यावर अंदाजानंसुद्धा तिसरा हिस्सा बरोबर येतो. ज्योतिषांचंही साधारण तेवढंच बरोबर आलं. म्हणजे पुण्याच्या प्रयोगाचं नवेपण काय? भारतीय पद्धतीची कुंडली, भारतीय ज्योतिषी, आणि बुद्धिमत्तेबद्दलचा प्रश्न. नवेपण छोटं आहे, पण खरं आहे. पत्रात 'प्रथमच' लिहिलं की संपादक निबंध कोणाकडे पाठवणार? आधी असं काम केलेल्या माणसाकडेच. तो पहिल्या ओळीतच तुम्हाला पकडणार, आणि मग पुढचं सगळं संशयानं वाचणार.

दुसरं, 'ज्योतिष खोटं सिद्ध केलं'. तपासलं काय? कुंडलीवरून हुशार की अक्षम, एवढंच. लग्न कधी होईल, नोकरी लागेल का, हे या प्रयोगात नव्हतंच. तुम्ही 'सगळं ज्योतिष' म्हणालात की समोरचा विचारणार, "अहो, तुम्ही विवाहयोग कुठं तपासला?" अन् तो बरोबर असतो! तुमच्या दाव्याचा फुगलेला भाग तो कापतो आणि त्याबरोबर खरा भागही कचऱ्यात टाकतो. आजही आपलेच मित्र 'नारळीकरांनी ज्योतिष खोटं ठरवलं' अशा पोस्टी टाकतात आणि मग कमेंटमध्ये गप्प बसायची पाळी येते. नेमकं सांगितलं असतं तर गप्प बसायची पाळी ज्योतिषावर आली असती.

तिसरं, 'नाणेफेक बरी'. सरासरी निम्म्याच्या खाली आली म्हणून ज्योतिषी उलटं सांगतात, असं म्हणायचा मोह होतो. सत्तावीस ज्योतिषी गुणिले चाळीस, म्हणजे 1080 उत्तरं, हा मोठा आकडा वाटतो. पण सगळ्यांना त्याच दोनशे कुंडल्यांतून वाटणी झाली. एकच कुंडली अनेकांकडे गेली. एखाद्या कुंडलीत असा योग असला की सगळेच ज्योतिषी 'हुशार' म्हणतात, आणि मूल निघालं अक्षम, तर एकाच चुकीची मोजणी पाच-सहा वेळा होते. म्हणजे ती 1080 वेगवेगळी उत्तरं धरता येत नाहीत. त्यामुळं थोडं खाली आलं याचा अर्थ काढू नये. निकाल नाणेफेकीशी जुळतो, एवढंच म्हणावं.

चौथं न लिहिलेलं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. एकावन्न जणांनी कुंडल्या घेतल्या आणि सत्तावीसांनीच उत्तरं दिली, हे त्या पत्रात नाहीच. चोवीस जण गळाले. ते का गळाले ते त्या उत्तरांतून कळत नाही. कदाचित त्यांना जमलं नाही, कदाचित वेळ नव्हता, कदाचित डाव ओळखून बाजूला झाले. पण 'सत्तावीस ज्योतिषी नापास' आणि 'एकावन्नपैकी सत्तावीस आले, त्यातला कुणीही रेष गाठू शकला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य प्रामाणिक आहे. ज्यानं किती जण गळाले ते पत्रात लपवलं, तो निबंधातही आणखी काही लपवत असेल असं संपादकानं धरलं तर त्याची चूक नाही.

आता आकड्यांबद्दल थोडं. कारण पत्र प्रामाणिक ठेवायचं म्हणजे आकडा किती ओझं उचलतो ते माहीत पाहिजे. भिऊ नका, नाण्यानं समजतं.

चाळीस वेळा नाणं उडवा. सरासरी वीस वेळा छापा येईल. 28 किंवा जास्त येण्याची शक्यता हजारात आठ. म्हणजे एका ज्योतिषानं 28 गाठले तर आपण म्हणू, बाबा, काहीतरी आहे. पण इथं माणसं सत्तावीस. सत्तावीस जणांना चाळीस-चाळीस वेळा नाणं उडवायला लावलं, तर त्यातला निदान एक जण निव्वळ नशिबानं 28 गाठण्याची शक्यता किती? हजारात आठ राहत नाही. साधारण 20 टक्के होते, पाचात एक! म्हणजे त्या दिवशी एखाद्या ज्योतिषाचे 28 आले असते तरी लगेच त्याच्या गळ्यात हार घालता आला नसता. त्याची परत परीक्षा घ्यावी लागली असती. हे जसं ज्योतिषाला लागू, तसंच तुमच्या पीएच.डी.च्या तक्त्यालाही लागू. वीस गोष्टींचे संबंध तपासायचे, त्यातला एक 'सार्थ' निघाला की पत्रात तेवढाच लिहायचा आणि बाकीचे एकोणीस गिळायचे. याला शोध म्हणत नाहीत. किती तपासले ते पत्रात लिहा.

आणि ज्याचे 24 आले त्याचं काय? नाण्यानंसुद्धा 24 किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण 13 टक्के. सत्तावीस जणांत तसे तीन-चार निघायला हवेत. प्रत्यक्षात 24 वर एकच होता, त्याच्या वर कुणी नाही. त्यामुळं 'एका ज्योतिषानं 60 टक्के बरोबर सांगितलं' असं कुणी पत्रात मिरवलं तर तेही तितकंच खोटं. फुगवणं दोन्ही बाजूंनी करता येतं.

आता उलट बाजूही बघा, कारण इथंच प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते. दोनशेपैकी 102 बरोबर, म्हणजे 51 टक्के. दोनशे उत्तरांवर हा आकडा साधारण सात टक्के इकडं-तिकडं हलू शकतो. म्हणजे त्या संस्थेची खरी क्षमता 44 टक्क्यांपासून 58 टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकते. 70 टक्क्यांचा दावा यात उभा राहत नाही, तो थेट कोसळतो. पण कुणी म्हणालं, "आम्हाला 55 टक्के जमतं," तर फक्त या दोनशे उत्तरांच्या बळावर तुम्ही त्याला खोटं म्हणू शकत नाही. एकेका ज्योतिषाच्या बाबतीत तर आणखी अवघड. खरोखर 55 टक्के जमणारा माणूससुद्धा चाळीसांत 28 ची रेष शंभरातून चार-पाच वेळाच ओलांडेल. ती रेष मोठं कौशल्य पकडायला आहे, बारकं कौशल्य तिला दिसत नाही. अर्थात 55 टक्के जमणाऱ्या ज्योतिषाकडं पोरीचं लग्न ठरवायला कोण जाईल, हा प्रश्न तुम्ही विचारा. पण तो व्यवहाराचा प्रश्न आहे, संख्येच्या पुराव्याचा नाही.

तर मग पत्र कसं असावं? नुसती टीका करून पळणाऱ्यातला मी नाही. खालचा नमुना माझा आहे, त्या चौघांचा नव्हे. त्यांच्याच कामावर बेतून लिहिलाय.

"मा. संपादक,
सोबतचा निबंध आपल्या विचारार्थ पाठवत आहोत. जन्मकुंडलीवरून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे भारतीय ज्योतिषी ओळखू शकतात का, एवढाच प्रश्न आम्ही तपासला. दोन्ही गटांतील शंभर-शंभर मुलांच्या कुंडल्या दुहेरी-अंध पद्धतीने वापरल्या. कुंडल्या घेतलेल्या 51 ज्योतिषांपैकी 27 जणांनी प्रत्येकी 40 कुंडल्यांची उत्तरे पाठवली. 28 बरोबर ही यशाची रेष कोणीही गाठली नाही. सर्वाधिक गुण 24 होते. एका संस्थेची 200 पैकी 102 उत्तरे बरोबर आली. हे निकाल निव्वळ अंदाजाशी सुसंगत आहेत. लहान प्रमाणातील कौशल्य नाकारण्याइतका हा प्रयोग मोठा नाही, आणि उत्तरे न पाठवलेल्या 24 जणांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. ज्योतिषाच्या इतर दाव्यांबद्दल या निबंधात निष्कर्ष नाही. अशा प्रकारच्या चाचण्या पाश्चात्त्य ज्योतिषावर पूर्वी झालेल्या आहेत (कार्लसन, 1985). आमची भर भारतीय पद्धतीपुरती आहे."

झालं. यात एकही विशेषण नाही, बघा. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारता येतं, "हे कुठल्या तक्त्यात आहे?" आणि उत्तर मिळतं. ज्या वाक्याला तक्ता सापडत नाही, ते वाक्य पत्रातून काढायचं. माझा नियम एवढाच आहे, याहून मोठं तत्त्वज्ञान नाही.

आता ठरलेली हरकत: "सर, असं लिहिलं तर कोण छापेल?" खोटं कशाला बोलू, काही जर्नलं छापणार नाहीत. नवेपणाच्या मागं लागलेली मोठी जर्नलं असं पत्र बाजूला ठेवतील. पण ती तुमचा फुगवलेला निबंधही ठेवतातच, कारण तिथं बसलेल्या माणसाला फुगा ओळखता येतो. 'प्लॉस वन'सारखी जर्नलं उघड सांगतात की आम्ही नवेपण मोजत नाही, काम पद्धतशीर झालंय का ते बघतो. आणि फुगवलेलं पत्र आनंदानं घेणारी जर्नलं कोणती? जी पैसे घेऊन तीन दिवसांत 'स्वीकृत' म्हणतात. पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं की, यूजीसीच्या मान्य यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नलं त्यांनी तपासली, त्यांतली 88 टक्क्यांहून जास्त निकषांत बसत नव्हती. आपल्या पदोन्नत्यांचे गुण त्याच यादीवर मोजले जात होते. मग 'प्रथमच' हा शब्द संपादकाला पटवायला लिहिला जात होता, की मुलाखतीच्या फायलीला जोडायला? तुम्हीच सांगा.

दुसरी हरकत हळू आवाजात येते: "पत्रच आहे हो, निबंधात तर खरं लिहिलंय ना." नाही. पत्रात लिहिलेलं वाक्य पत्रात राहत नाही. तेच वाक्य सारांशात जातं, सारांशातून कॉलेजच्या प्रसिद्धिपत्रकात, तिथून पेपरच्या मथळ्यात, मथळ्यातून कुण्या अधिकाऱ्याच्या टेबलावर. आपल्या धाराशिव जिल्ह्यात दुष्काळ, सोयाबीन, शाळागळती यांवर अभ्यास होतात. त्यातला एखादा 'प्रथमच सिद्ध' वाला निष्कर्ष धरून योजना आखली आणि तो चाळीस माणसांच्या विचारपुशीवर उभा असला, तर नुकसान प्राध्यापकाचं होत नाही, शेतकऱ्याचं होतं.

म्हणून कॉलेजांच्या संशोधन समित्यांकडं माझी एक साधी मागणी आहे. निबंधाची प्रत फायलीला लावता, तशी संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रतही लावायला सांगा. आणि समितीच्या बैठकीत ते पत्र मोठ्यानं वाचा. किती जणांना विचारलं, किती गळाले, किती गोष्टी तपासल्या, आधी कोणी केलंय, आणि कशाबद्दल आपण काही बोलत नाही, ही पाच उत्तरं पत्रात नसतील तर पत्र परत द्या. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

आणि ज्या दोस्तांना वाटतंय की मी ज्योतिषाची बाजू घेतोय, त्यांच्यासाठी शेवटचं. '40 पैकी 28 ची रेष सत्तावीसांतल्या एकानंही गाठली नाही' हे वाक्य सोळा-सतरा वर्षं झाली तरी कुणाला खोडता आलेलं नाही, कारण ते जेवढं आहे तेवढंच बोलतं. 'ज्योतिष खोटं सिद्ध झालं' हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या कमेंटमध्ये मार खातं. कुठलं वाक्य घेऊन भांडायला उतरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आकड्यासकट लिहा.

— येडशी, जि. धाराशिव